सेफ मोडमध्ये फोन नीट चालला म्हणजे दोष अ‍ॅपचाच का?

«दादा, माझा फोन तीन वर्षांचा आहे. महिनाभरापासून कुठलंच अ‍ॅप उघडलेलं नसताना मधेच पूर्ण स्क्रीनभर जाहिरात येते, फोन तापतो आणि दुपारी आपोआप बंद पडतो. गावातला दुकानदार म्हणतो, सॉफ्टवेअर मारावं लागेल, डाटा जाईल. मित्र म्हणतो, आधी सेफ मोडमध्ये टाकून बघ. ते कसं करायचं? त्यात फोटो जातात का? आणि दोष अ‍ॅपचाच आहे हे त्यावरून कळतं का? — जिंतूर तालुका, जि. परभणी»

फोटो जात नाहीत. नंबर, मेसेज, व्हॉट्सअ‍ॅपच्या चॅट, काहीच जात नाही. सेफ मोड काही पुसत नाही. फोन चालू होताना तुम्ही स्वतः टाकलेल्या अ‍ॅपना उठू देत नाही, एवढंच त्याचं काम. कंपनीने फोनसोबत दिलेली मूळ अ‍ॅप तेवढी चालतात. व्हॉट्सअ‍ॅप, पैसे पाठवायची अ‍ॅप, गेम ही सगळी फोनमध्येच असतात, फक्त झोपलेली. फोन नेहमीसारखा रिस्टार्ट केला की पुन्हा जागी होतात. दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवा. अशा अ‍ॅपच्या होम स्क्रीनवर लावलेल्या पट्ट्या, म्हणजे विजेट, परत आल्यावर कधीकधी पुन्हा लावाव्या लागतात. आणि तुमचा अलार्म वेगळ्या टाकलेल्या अ‍ॅपमध्ये असेल तर सेफ मोडमध्ये तो वाजणार नाही. पहाटे मोटार चालू करायला त्याच्यावर उठत असाल तर रात्रीची टेस्ट करू नका.

सुरू करण्याआधी फोनचा पिन किंवा पॅटर्न आठवतोय का, ते बघा. रिस्टार्टनंतर पहिल्यांदा बोट किंवा चेहरा चालत नाही, पिनच लागतो. वर्षभर बोटानेच उघडलेला फोन आणि विसरलेला पिन घेऊन माझ्याकडे महिन्याला दोन-तीन जण तरी येतात, आणि मग मूळ दुखणं राहतं बाजूला.

आता पद्धत. पॉवरचं बटण दाबून धरा, बंद करायचा मेनू येईल. त्यातल्या `Power off` वर नुसतं टेकवू नका, बोट तसंच दाबून ठेवा. दोन-तीन सेकंदांत सेफ मोडमध्ये सुरू करायचं का, असं विचारणारी चौकट येते. तिथे होकार द्या. काही फोनवर हेच `Restart` दाबून धरल्यावर होतं. नव्या फोनमध्ये पॉवर दाबल्यावर मेनूऐवजी बोलणारा सहायक उघडतो. तिथे पॉवर आणि आवाजाचं एक बटण एकदम दाबा, कुठे वरचं लागतं, कुठे खालचं. नाहीतर वरून पट्टी खाली ओढली की तिथेही बंद करायची खूण असते. यातलं काहीच जमलं नाही तर फोन पूर्ण बंद करा, चालू करा आणि कंपनीचं नाव दिसलं की आवाज कमी करायचं बटण दाबून धरा, होम स्क्रीन येईपर्यंत सोडू नका. खालच्या डाव्या कोपऱ्यात `Safe mode` किंवा मराठीत «सुरक्षित मोड» अशी अक्षरं दिसली की झालं.

बटणं दाबताना घाईत वेगळंच होतं आणि काळ्या पडद्यावर बारीक अक्षरांचा मेनू येतो. तो रिकव्हरी मोड. त्यात `Wipe data/factory reset` अशी ओळ असते, तिला हात लावायचा नाही. डाटा जातो तो तिथे. आवाजाच्या बटणाने `Reboot system now` वर या, पॉवर दाबा आणि पहिल्यापासून सुरू करा.

इथवर कुणीही सांगेल. लोक चुकतात ते पुढे. सेफ मोडमध्ये अर्धा तास फोन बघतात, काही होत नाही, आणि «अ‍ॅपचाच दोष» म्हणून मोकळे होतात. मी स्वतः असं करून तोंडावर पडलोय. ती हकीकतच सांगतो, कारण त्या फोनची लक्षणं तुमच्यासारखीच होती.

लातूरच्या मोंढ्यातले एक मुनीम. सोयाबीनची आवक जोरात होती, माणसाला जेवायला फुरसत नाही. त्यांनी फोन काउंटरवर ठेवला आणि म्हणाले, «काय सांगू तुम्हाला, पट्टीचा हिशोब करायलोय अन् मधीच स्क्रीनवर बाई नाचायलीय. समोर शेतकरी बसल्याला. लाज वाटायलीय हो.» त्यावर फोन तापत होता आणि दुपारी तीनच्या सुमारास, बॅटरी वीस-बावीस टक्के दिसत असताना, फटकन बंद पडत होता. त्यांनाही कुणीतरी सॉफ्टवेअर मारायला सांगितलं होतं.

पहिल्यांदा मी साधा रिस्टार्ट दिला. ही पायरी लोक गाळतात. सेफ मोडमध्ये जाताना फोन रिस्टार्ट होतोच, आणि निम्मी अर्धी दुखणी नुसत्या रिस्टार्टनेच दोन-चार तास दबतात. मग श्रेय सेफ मोडला मिळतं आणि बिल एखाद्या बिचाऱ्या अ‍ॅपच्या नावावर फाटतं. म्हणून साधा रिस्टार्ट देऊन अर्धा तास फोन नेहमीसारखा वापरला. वीस वेळा लॉक करून उघडला, त्यात सात वेळा जाहिरात आली. हा आकडा वहीत लिहिला. दोष किती वेळाने येतो हे आधी मोजलं नसेल तर नंतर तो गेला की नाही, हे कशावरून ठरवणार?

मग सेफ मोड. अर्धा तास झाला, वीस वेळा उघडला, एकही जाहिरात नाही. मुनीम खूश, मीही खूश. तेवढ्यात माझं लक्ष वर गेलं. विमानाची खूण! बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये सेफ मोड सुरू होताना एरोप्लेन मोड आपोआप चालू होतो. म्हणजे नेट बंद होतं. आणि जाहिरात तर नेटवरूनच येते. नळाचं पाणीच बंद असताना तोटी गळत नाही म्हणण्यासारखं झालं. तो अर्धा तास वाया गेला. एरोप्लेन मोड काढला, मोबाइल डाटा चालू केला आणि पुन्हा पहिल्यापासून मोजलं. या वेळी तासाभरात चाळीस वेळा उघडला, जाहिरात शून्य. मग नेहमीच्या मोडमध्ये परत आणला, आणि दहा मिनिटांत बाई हजर.

दोष सेफ मोडमध्ये गेला, एवढ्याने फक्त संशय येतो. नेहमीच्या मोडमध्ये तो परत आला की संशय पक्का होतो. आणि एक ठरावीक अ‍ॅप काढल्यावर, बाकी सगळं तसंच ठेवून, तो परत आला नाही, की मग सिद्ध झालं म्हणायचं. उलट बाजूने मात्र टेस्ट फार सरळ आहे. सेफ मोडमध्येही दोष आलाच, तर तुम्ही टाकलेलं अ‍ॅप त्या वेळी चालूच नव्हतं, त्यामुळे ते सुटलं. म्हणून सेफ मोडमध्ये बिघाड दिसला तर मी त्याच्यावर जास्त भरवसा ठेवतो. दिसला नाही तर जपून बोलतो, कारण सेफ मोडमध्ये फोनवर भारच कमी असतो. मागे चालणारी पन्नास अ‍ॅप थांबलेली, मेमरी मोकळी, फोन थंड. अशा आरामात म्हातारी बॅटरी आणि कमजोर सोल्डरिंगसुद्धा निभावून जातं.

यात आपल्या भागातली आणखी एक भानगड आहे. एप्रिल-मेमध्ये पारा 42 च्या पुढे असतो. दुपारी शेतात खिशात तापणारा फोन आणि रात्री कूलरसमोर सेफ मोडमध्ये ठेवलेला फोन, यांची तुलना होत नाही. ज्या वेळी, ज्या जागी, ज्या कामात दोष येतो, त्याच वेळी आणि त्याच जागी सेफ मोडची टेस्ट घ्या. आणि किती वेळ घ्यायची, हे दोषावर आहे. तासात पाच वेळा येणारी जाहिरात असेल तर एक तास पुरतो. दिवसातून एकदा बंद पडणारा फोन असेल तर तीन-चार दिवस सेफ मोडमध्ये काढल्याशिवाय काहीही बोलता येत नाही. व्हॉट्सअ‍ॅपविना चार दिवस राहायला कुणी तयार नसतं, हे मला माहीत आहे. मग तेवढ्यापुरता घरातला दुसरा फोन वापरायचा. फोन आणि साधे एसएमएस मात्र सेफ मोडमध्येही येतात, एरोप्लेन मोड काढलेला असला म्हणजे.

मुनीमांच्या फोनकडे परत येऊ. जाहिरात टाकलेल्या अ‍ॅपमुळे येते, हे ठरलं. पण साठेक अ‍ॅपमधलं कुठलं? आधी त्यांना विचारलं, हे कधीपासून? म्हणाले, दसऱ्याच्या आसपास. मग जाहिरात स्क्रीनवर असतानाच अलीकडच्या अ‍ॅपचं बटण दाबलं. ही युक्ती ध्यानात ठेवा. जाहिरात बंद करायची घाई करू नका, ती दिसत असताना हे बटण दाबलं की तिच्या चौकटीच्या वर सहसा ज्या अ‍ॅपने ती आणली त्याचं नाव आणि चित्र दिसतं. इथे नाव कोरं होतं, चित्र सेटिंगच्या चाकासारखं. लपायचा प्रयत्न करणारं अ‍ॅप असंच असतं.

मग सेटिंगमध्ये विशेष परवानग्यांची यादी उघडली. `Display over other apps` नावाची परवानगी तिथे असते, काही फोनवर तिलाच `Appear on top` म्हणतात. दुसऱ्या अ‍ॅपच्या डोक्यावर स्वतःची खिडकी काढायची मुभा. अँड्रॉइड 10 पासून मागे बसलेल्या अ‍ॅपला मनाला येईल तेव्हा पुढे उडी मारायला बंदी आली, पण ही परवानगी मिळवलेल्या अ‍ॅपला तिथे बरीच सूट राहिली. म्हणून जाहिरातबाज अ‍ॅप टाकल्या टाकल्या पहिल्यांदा तीच मागतात. मुनीमांच्या यादीत ही परवानगी असलेली चार अ‍ॅप होती. तीन ओळखीची, चौथं बिननावाचं. त्याची माहिती उघडली तर टाकल्याची वेळ दसऱ्यानंतर दोन दिवसांची. विचारलं, तेव्हा काय टाकलं होतं? खूप आठवून म्हणाले, «कोणीतरी भावपत्रकाची पीडीएफ पाठवली व्हती, उघडत नव्हती, तर एक लिंक आली खाली.» पीडीएफ उघडणारं म्हणून टाकलेलं ते हे.

काढायला गेलो तर `Uninstall` चं बटण फिकं, दाबलंच जाईना. अ‍ॅपने स्वतःला डिव्हाइस अ‍ॅडमिन, म्हणजे फोनवर खास अधिकार असलेलं अ‍ॅप, करून घेतलं होतं. नेहमीच्या मोडमध्ये ते अधिकार काढायला गेलं की अशी काही अ‍ॅप समोर खिडकी आणून बटण झाकतात किंवा सेटिंगच बंद करतात. इथे सेफ मोडचा दुसरा उपयोग होतो, तपासणीचा नव्हे, काढायचा. सेफ मोडमध्ये ते अ‍ॅप झोपलेलं, त्यामुळे आडवं येऊ शकत नाही. सेटिंगच्या शोधात `Device admin apps` लिहिलं, त्याच्यासमोरची खूण काढली, आणि मग अनइन्स्टॉल एका दाबात झालं. रिस्टार्ट करून नेहमीच्या मोडमध्ये परत वीस वेळा उघडला. शून्य. तरी दोन दिवसांनी फोन करा म्हणून सांगितलं.

कॉम्प्युटर आणि केबल हाताशी असेल, फोनमध्ये यूएसबी डीबगिंग, म्हणजे कॉम्प्युटरवरून फोनला आज्ञा देता येण्याची सेटिंग, चालू असेल, तर मी अ‍ॅपची यादी अशी काढतो:

```
adb shell pm list packages -3 -i
```

`-3` म्हणजे फक्त वापरणाऱ्याने टाकलेली अ‍ॅप, साधारण तीच जी सेफ मोडमध्ये झोपतात. `-i` मुळे प्रत्येकासमोर ते कुणी टाकलं हे येतं. `com.android.vending` म्हणजे प्ले स्टोअरवरून आलेलं. तसं नसेल तर लिंकवरून, शेअर करून किंवा दुसऱ्या दुकानातून आलेलं. लिंकवरून आलेलं प्रत्येक अ‍ॅप वाईट असतं असं नाही, पण मी शोध तिथून सुरू करतो.

दोन दिवसांनी मुनीमांचा फोन आला. जाहिरात एकदाही नाही. «पण तीन वाजता पुन्हा बंद पडला बघा.»

इथे मी मनातल्या मनात कपाळावर हात मारला. जाहिरात आणि बंद पडणं ही एकाच दोषाची दोन लक्षणं, असं मी न तपासता धरून चाललो होतो. सेफ मोडची सगळी मोजणी मी जाहिरातीची केली, बंद पडण्याची केलीच नाही. आता ती केली. बॅटरी पंचवीस टक्क्यांवर आल्यावर सेफ मोडमध्ये टाकला, कॅमेरा उघडून व्हिडिओ सुरू केला, ब्राइटनेस पूर्ण. कॅमेरा मूळ कंपनीचा, म्हणून सेफ मोडमध्येही चालतो आणि बॅटरीवर चांगला भार टाकतो. चार मिनिटांत, बावीस टक्क्यांवर, फोन बंद. चार्जर लावल्यावर लगेच चालू, टक्के एकोणीस. टाकलेलं एकही अ‍ॅप चालू नसताना हे झालं. म्हणजे अ‍ॅपचा काही संबंध नाही. जुनी बॅटरी भार आला की दबते, तिचा व्होल्टेज खाली बसतो आणि टक्के शिल्लक दिसत असूनही फोन बंद होतो. बॅटरी बदलली, बंद पडणं संपलं. सॉफ्टवेअर मारलं असतं तर जाहिरात गेली असती, फोटो गेले असते आणि दुपारचं बंद पडणं तसंच राहिलं असतं.

सेफ मोडच्या पकडीत न येणारे काही अ‍ॅपचे दोषही आहेत, ते जाणून ठेवा. फोनसोबत आलेली अ‍ॅप सेफ मोडमध्येही चालतात, आणि तुम्ही घेतलेल्या अपडेटसह चालतात. मार्च 2021 मध्ये अँड्रॉइडच्या वेबव्ह्यू या, अ‍ॅपच्या आत वेबपानं दाखवणाऱ्या अंगभूत भागात बिघाड आला आणि जगभर लोकांची भली भली अ‍ॅप उघडता उघडता बंद पडू लागली. गुगलने वेबव्ह्यू आणि क्रोमचं नवं अपडेट दिल्यावर ते थांबलं. असा दोष वेबव्ह्यूमध्ये असतो, आणि वेबव्ह्यू सेफ मोडमध्ये जागंच राहतं. अशा वेळी त्या मूळ अ‍ॅपच्या माहितीत जाऊन `Uninstall updates` करून बघायचं, किंवा पुढचं अपडेट घ्यायचं. जाहिरातींचंही तसंच. त्या सेफ मोडमध्येही येत असतील तर बहुधा कुठल्यातरी वेबसाइटला तुम्ही क्रोममध्ये नोटिफिकेशनची परवानगी देऊन बसला आहात, नाहीतर फोन कंपनीनेच स्वतःच्या अ‍ॅपमधून त्या सोडल्या आहेत. पहिलं क्रोमच्या सेटिंगमध्ये बंद होतं, दुसरं त्या त्या अ‍ॅपमध्ये.

आणखी दोन अडचणी दुकानात नेहमी दिसतात. हप्त्यावर घेतलेल्या फोनवर फायनान्सवाल्याचं लॉक असेल तर सेफ मोडच बंद करून ठेवलेला असू शकतो. पर्याय दिसत नाही म्हणजे फोन खराब असं नाही. उलटी तक्रार म्हणजे फोन दर वेळी सेफ मोडमध्येच सुरू होतो. तेव्हा आधी कव्हर काढा. घट्ट कव्हर आवाज कमी करायचं बटण दाबून ठेवतं, आणि फोनला वाटतं तुम्हीच दाबलंय. कव्हर काढूनही तसंच असेल तर बटणात धूळ नाहीतर पाणी गेलेलं असतं. आणि कंपनीच्या नावावरच अडकून पुन्हा पुन्हा सुरू होणाऱ्या फोनला सेफ मोड काही करू शकत नाही. सेफ मोडसाठी फोन होम स्क्रीनपर्यंत पोचावाच लागतो.

आता तुमचा फोन. जाहिरात आणि दुपारचं बंद पडणं, दोन्ही वेगळे दोष धरून वेगळे मोजा. जाहिरातीसाठी सेफ मोडमध्ये एरोप्लेन मोड काढून, डाटा चालू ठेवून एक तास. बंद पडण्यासाठी सेफ मोडमध्ये बॅटरी कमी असताना, दुपारी, सावलीत, कॅमेऱ्याचा व्हिडिओ. तीन वर्षांच्या फोनवर दुसऱ्यात बॅटरीच निघेल असा माझा अंदाज आहे, पण मोजल्याशिवाय खर्च करू नका. मागचं झाकण किंचित वर आलेलं दिसलं किंवा स्क्रीन कडेने उचललेली दिसली, तर मात्र कुठलीच टेस्ट नको. ती फुगलेली बॅटरी. तिला दाबू नका, चार्जिंगला लावू नका, फोन बंद करून तसाच दुकानात न्या.

आणि जाहिरात आणणारं अ‍ॅप लिंकवरून आलेल्या फाइलमधून टाकलेलं निघालं, लग्नपत्रिका म्हणून, चलान म्हणून किंवा कुठल्या योजनेच्या नावाने, आणि त्याला तुम्ही एसएमएस वाचायची परवानगी दिलेली असेल, तर आधी नेट बंद करून ते काढा. नंतर बँक खातं बघा. पैसे गेलेले दिसले तर उशीर न करता दुसऱ्या फोनवरून 1930 लावा.